टॉवेलात साचलेला चुना

आईचे वय वाढले तशी तिची त्वचा पातळ होत गेली, आणि एके दिवशी अंघोळीनंतर तिच्या दंडावर मला बारीक लालसर रेघा दिसल्या. विचारले तेव्हा ती म्हणाली, "टॉवेल बोचतो गं आजकाल. मी हलकेच टिपते, पण तरी ओरखडे येतातच." तो टॉवेल जुना नव्हता. दीड वर्षापूर्वी आणला तेव्हा तो इतका मऊ होता की तिने तो मुद्दाम स्वतःसाठी बाजूला ठेवला होता. आता मात्र दोरीवरून काढला की घडीच्या जागी तो तसाच उभा राहत असे, आणि त्याच्यावरून हात फिरवला की सुती कापडाऐवजी एखाद्या खरखरीत पुठ्ठ्यावरून हात फिरल्यासारखे वाटे. कपडे मी धूत होते, त्यामुळे हा राठपणा कुठून आला हे शोधणे मला माझेच काम वाटले.

सुरुवातीला मी जे केले ते बहुतेक घरांत होते तेच होते. कपडे नीट निघत नसावेत असे समजून मी पावडर वाढवली, आणि त्यानेही फरक पडेना तेव्हा शेवटच्या पाण्यात कपडे मऊ करणारे द्रव्य घालू लागले. पहिल्या दोन धुण्यांनंतर टॉवेल हाताला गुळगुळीत लागला. पण आई म्हणाली, "आता हा बोचत नाही, पण पाणीही टिपत नाही." तिचे म्हणणे अचूक होते. या द्रव्यांमध्ये धनप्रभारित, स्निग्ध रेणू असतात. ओल्या सुती धाग्यावर किंचित ऋणप्रभार असतो, म्हणून ते रेणू धाग्याला चिकटतात आणि त्याच्यावर मेणासारखा पातळ थर देतात. बोटाला तो थर मऊ लागतो, परंतु पाण्याला तो दूर सारतो. आत जे साचले होते ते तसेच राहिले होते, आणि मी त्याच्यावर आणखी एक थर चढवला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आले की कपड्यात आणखी काही घालून हा प्रश्न सुटणार नाही. आधीपासून आत जे बसले आहे ते बाहेर काढावे लागेल, आणि त्यासाठी नेमके काय बसले आहे हे ओळखावे लागेल. टॉवेलचा कडकपणा हाताला एकसारखाच लागला तरी तो तीन वेगवेगळ्या गोष्टींतून येतो, आणि त्या तिन्हींवरचे उपाय एकमेकांपेक्षा वेगळे आहेत.

पहिले कारण सर्वांत निरुपद्रवी आहे, आणि ते स्वच्छ पाण्यानेही घडते. सुती टॉवेल वाऱ्याशिवाय, न हलता वाळला की तो कडक होतोच. जपानमधील काओ कंपनी आणि होक्काइडो विद्यापीठ येथील संशोधकांनी 2020 मध्ये यामागचे कारण दाखवून दिले. वाळलेल्या सुती तंतूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अत्यंत पातळ असा बद्ध थर शिल्लक राहतो, आणि तो थर शेजारच्या दोन तंतूंना गोंदासारखा जोडून ठेवतो. हा कडकपणा ओळखणे सोपे आहे. वाळलेला टॉवेल दोन्ही हातांत धरून कपड्याला कपडा घासत मिनिटभर चुरगाळावा. सांधे मोडून तो मऊ झाला आणि मऊच राहिला, तर तुमच्या पाण्यात किंवा पावडरीत शोधण्यासारखे फारसे काही नाही. आईचा टॉवेल चुरगाळल्यावर वाकू लागला, पण त्याचा खरखरीतपणा मात्र तसाच राहिला.

दुसरे कारण म्हणजे धाग्यांत राहून गेलेले डिटर्जंट. त्याची परीक्षा मी अशी केली. धुऊन वाळवलेला टॉवेल एका बादलीत, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवला, पावडरीचा कणही घातला नाही, आणि पाच मिनिटे जोराने खळबळला. पाण्यावर फेस आला. तो नुसते बुडबुडे येऊन लगेच फुटून जाणारा नव्हता. बादलीच्या कडेने तो टिकून राहिला आणि बोटांना पाणी किंचित बुळबुळीत लागले. म्हणजे "धुतलेला" टॉवेल प्रत्यक्षात पुरता विसळलेलाच नव्हता. टॉवेलच्या दोन्ही बाजूंना धाग्यांचे जे छोटे फासे असतात त्यांच्यात पाणी खूप मावते, आणि तेच पाणी बाहेर पडायला वेळही घेते. मशीनचा पिंप ठासून भरला असेल, तर टॉवेलांना पाण्यात मोकळेपणाने फिरायला जागाच मिळत नाही.

तिसरे कारण पाण्याचे, आणि बोचण्याचा मोठा दोष त्याच्याकडेच जातो. जड पाण्याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन म्हटले होते, आणि मला तो शब्द नेहमी आवडत आला आहे, कारण त्यात पाण्याचा स्वभावच सांगितला आहे: ज्याच्यात फेस कष्टाने होतो ते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. अंगाचा किंवा कपड्यांचा खरा साबण अशा पाण्यात घातला, की कॅल्शियमचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा, दह्याच्या कणांसारखा पांढरट साका तयार होतो. आजच्या डिटर्जंटांत हा साका फारसा होत नाही, पण पावडरीत धुण्याचा सोडा असतो, आणि सोड्याने कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साध्या भाषेत चुनखडी, बारीक कणांच्या रूपात खाली बसते. हे कण बादलीच्या तळाशी बसतात तसेच धाग्यांच्या पोकळ्यांतही बसतात, आणि प्रत्येक धुण्याबरोबर त्यांच्यावर नवे कण चढत जातात. चांगल्या पावडरीत या क्षारांना धरून ठेवणारे घटक असतात, पण पाणी फार जड असेल आणि पावडर कमी पडली तर ते घटक अपुरे ठरतात. म्हणूनच "पावडर कमी करा" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. पाकिटावर जड पाण्यासाठी वेगळे माप दिलेले असेल तर तेच घ्यावे, आणि धुण्यानंतर विसळण्याचे पाणी मात्र वाढवावे.

किती साचते याचा मी अंदाज काढला. मत्स्यपात्रासाठी मिळणाऱ्या चाचणी-पट्टीवर आमच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे सुमारे 300 मिलिग्रॅम आला. 180 च्या वरचे पाणी फारच जड मानले जाते. अर्धा किलोचा टॉवेल हाताने पिळून दोरीवर टाकला की त्याच्यात साधारण अर्धा लिटर पाणी उरते. ते पाणी हवेत उडून जाते, पण त्यातले 150 मिलिग्रॅमच्या आसपासचे क्षार कुठेही जात नाहीत. अशा 50 धुण्यांत, पावडरीने बसवलेली चुनखडी न धरतादेखील, सात ग्रॅमहून अधिक क्षार त्या कापडात येऊन पडतात. त्यातले काही पुढच्या धुण्यात परत विरघळून जातात, हे खरे. तरीही प्रत्येक फाशाच्या मुळाशी थोडे थोडे चुनखडीचे बूड धरत असेल, हे या हिशेबावरून पटते. टॉवेल आधी आणि नंतर वजन करून हे सिद्ध करावे असे मला वाटले होते, पण सूत हवेतली ओलही वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवते, त्यामुळे पावसाळी आणि कोरड्या दिवसांतला फरकच त्या सात ग्रॅमांना झाकून टाकतो. मी ते वजन करणे सोडून दिले.

चुनखडी आम्लाने विरघळते, एवढे ठाऊक असले तरी माझा पहिला प्रयत्न फसला, आणि तो का फसला हे समजायला मला वेळ लागला. मी दहा लिटर पाण्याच्या बादलीत 100 मिलिलिटर पांढरे व्हिनेगर घातले, टॉवेल तासभर भिजवला आणि वाळवला. काहीच बदल झाला नाही. मग कागदावर हिशेब मांडला. साध्या व्हिनेगरमध्ये पाच टक्के आम्ल असते, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये पाच ग्रॅम. दहा लिटर आमच्या पाण्यात तीन ग्रॅम चुनखडीइतका जडपणा आहे, आणि एक ग्रॅम चुनखडीला सुमारे 1.2 ग्रॅम आम्ल लागते. आमच्या पाण्याचा जडपणा बहुतेक उकळल्यावर भांड्याला पापुद्रा धरणारा, म्हणजे बायकार्बोनेटचा आहे, आणि असे पाणी आम्ल खाते. पाचपैकी जवळजवळ साडेतीन ग्रॅम आम्ल बादलीतल्या पाण्यावरच खर्च होत होते. टॉवेलच्या वाट्याला दीड ग्रॅम उरत होते, आणि त्यातही तासाभराने पाण्याला व्हिनेगरचा वास येत असल्याने मी समजत होते की आम्ल भरपूर आहे. वास हा काही मापदंड नव्हे.

दुसरी चूक क्रमाची होती. त्या टॉवेलात डिटर्जंटही होते आणि जुन्या साबणाचा साकाही होता. साबणावर आम्ल पडले की साबण तुटतो आणि त्याच्यातले मूळचे स्निग्ध आम्ल मोकळे होऊन चिकट पापुद्र्यासारखे कापडावर बसते. म्हणजे आधी आम्ल आणि मग विसळणे असा क्रम ठेवला, तर एक घाण जाऊन दुसरी मागे राहते. त्यानंतर मी हे टप्पे उलटे लावले, आणि आजवर जितके टॉवेल व कपडे सुधारले ते याच क्रमाने सुधारले आहेत.

सुरुवात नुसत्या गरम पाण्याची. प्लास्टिकच्या बादलीत टॉवेल सुटा पसरून बुडवते, दहा मिनिटे ठेवते, खळबळते, पिळते, आणि पाणी ओतून देते. फेस येईनासा होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करते. आईच्या टॉवेलाला पाच पाणी लागली. चौथ्या पाण्यात फेस विरळ झाला आणि पाचव्यात राहिलाच नाही. इथे काही लोक सोडा आणि बोरॅक्स घालून उकळत्या पाण्यात रात्रभर भिजवण्याचा उपाय सुचवतात, आणि गढूळ झालेले पाणी पाहून मळ निघाला असे समजतात. त्या गढूळपणात बऱ्याचदा कापडाचा रंगही मिसळलेला असतो. शिवाय जड पाण्यात सोडा आणखी चुनखडी बसवतो, त्यामुळे आमच्या पाण्यासाठी तरी मी तो मार्ग धरत नाही.

पुढच्या टप्प्यात आम्ल. व्हिनेगरपेक्षा सायट्रिक ॲसिड मला सोयीचे पडते, कारण ते पावडरीच्या रूपात असल्याने नेमके मोजता येते आणि कॅल्शियमला विरघळवून धरूनही ठेवते. दहा लिटर कोमट पाण्यात मी 30 ग्रॅम घेते. त्यातले जवळपास चार ग्रॅम पाणी खाते आणि बाकीचे कापडासाठी उरते. पाणी कोमटच असावे, उकळते नको, कारण या आम्लापासून होणारा कॅल्शियम सायट्रेट हा क्षार गरम पाण्यात अधिक कमी विरघळतो आणि पांढरी भुकटी होऊन परत कापडावर बसू शकतो. टॉवेल दोन तास ठेवते, अधूनमधून हाताने दाबते, आणि शेवटी निळ्या लिटमस कागदाचा तुकडा पाण्यात बुडवून पाहते. तो लाल झाला तर आम्ल अजून शिल्लक आहे, म्हणजे कापडाला मिळायचे ते मिळाले. आईच्या टॉवेलाच्या पहिल्या वेळी मात्र तो दोन तासांनंतरही निळाच राहिला. सगळे आम्ल खर्च झाले होते, याचा अर्थ माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त चुना त्या कापडात होता. मी ते पाणी ओतून दिले, नव्या पाण्यात पुन्हा 30 ग्रॅम घातले, आणि दुसऱ्या खेपेला कागद लाल झाला.

इथे एक सावधगिरी मी कधीही विसरत नाही: या बादलीजवळ क्लोरीनयुक्त ब्लीच आणायचे नाही, आणि ज्या कपड्याला नुकतेच ब्लीच लावले आहे तो न विसळता आम्लात टाकायचा नाही. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो बंद न्हाणीघरात धोकादायक ठरतो. धातूची बादलीही नको. आणि व्हिनेगरबरोबर खाण्याचा सोडा मिसळण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो, त्यात फेस उठतो खरा, पण ती दोघे एकमेकांना निकामी करतात आणि बादलीत क्षाराचे पाणी तेवढे उरते.

आम्लानंतर टॉवेल दोन पाण्यांत विसळून मी त्याला अर्ध्या मापाच्या द्रव डिटर्जंटने एकदा धुते. साबणाच्या साक्यातून मोकळे झालेले स्निग्ध आम्ल या धुण्यातच निघून जाते. हा टप्पा गाळला तर कापड हाताला किंचित मेणचट लागते. मग भरपूर विसळणे. सायट्रिक ॲसिड कापडात राहू देऊ नये, कारण ते उडून जात नाही, कापड वाळताना दाट होत जाते आणि सुताला हळूहळू कमकुवत करते. शेवटच्या पाण्यासाठी मी साठवलेले पावसाचे पाणी वापरते, तेव्हा निकाल सर्वांत चांगला येतो. पावसाचे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते, आणि टॉवेलात जे पाणी वाळत राहणार आहे ते हेच शेवटचे पाणी असल्यामुळे सगळे धुणे जड पाण्यात करूनही हे एक पाणी मऊ असणे पुरेसे उपयोगी पडते. ते नसेल तेव्हा शेवटच्या दहा लिटरांत 80 ते 100 मिलिलिटर व्हिनेगर घालते. इथे तेवढे आम्ल पुरते, कारण आता ते चुनखडी काढायला नसून पाण्यातले क्षार बसू न देण्यासाठी आहे, आणि त्याचा वास वाळताना निघून जातो.

आता वाळवण्याबद्दल, कारण इथे पहिले कारण पुन्हा येते. पिळलेला टॉवेल दोरीवर टाकण्याआधी मी तो दोन्ही टोकांना धरून आठ-दहा वेळा जोरात झटकते, म्हणजे दबलेले फासे उभे राहतात. कडक उन्हात, निवांत हवेत पूर्ण वाळवण्याऐवजी वाऱ्याच्या बाजूला वाळवते, आणि थोडा दमट असतानाच काढून एकदा चुरगाळून, झटकून परत टाकते. टॉवेलाला इस्त्री मी करत नाही. इस्त्रीने फासे चपटे होतात.

आईच्या टॉवेलाला हे सगळे दोन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी मी कापडावर पाण्याचा एक थेंब टाकला. मऊ करणाऱ्या द्रव्याच्या दिवसांत असा थेंब मण्यासारखा वर बसून राहत असे. आता तो टेकताच पसरला आणि आत शिरला. बोटाला तो मऊ लागला, पण नव्यासारखा रेशमी नव्हता, आणि तसा होणारही नाही. चुन्याच्या कणांवर घासून काही फासे तुटले होते, आणि तुटलेला धागा आम्लाने जुळत नाही. ज्या कपड्यात चुना आहे तोच सुधारतो. ज्याचे सूतच विरले आहे, ज्याला उजेडाकडे धरल्यावर जाळी दिसते, त्याच्यावर ही खटपट करण्यात अर्थ नाही. नंतर मी आईचे दोन सुती गाऊन आणि चादरी याच क्रमाने धुतल्या. पातळ कापडात चुना कमी साचतो, त्यामुळे तिथे 15 ग्रॅम आम्ल आणि एक तास पुरला. रंगीत गाऊनच्या आतल्या शिवणीवर आधी आम्लाचे पाणी लावून, पांढऱ्या फडक्याने दाबून रंग सुटतो का हे पाहिले. लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांवर मात्र मी हा प्रयोग केलेला नाही. ते हात लावण्याइतके राठ झाले नव्हते.

आता दर आठ-दहा धुण्यांनंतर टॉवेलाला एकदा आम्लाच्या पाण्यातून काढते, आणि तेव्हा 20 ग्रॅमांत लिटमस लाल राहतो. तो निळा होऊ लागला की आपण मधल्या वेळात कुठेतरी विसळणे आखडते घेतले, हे मला समजते. परवा अंघोळ करून आल्यावर आईने टॉवेल खांद्यावर टाकला आणि केस पुसत पुसत दुसऱ्याच कशाबद्दल बोलू लागली. टॉवेलबद्दल ती काही बोलली नाही. मी तिचा दंड पाहिला. त्यावर रेघ नव्हती.